झालेले, चाललेले आणि राहिलेले : कार्यालयीन ईमेलमधील काळविचार

प्रस्तावना

संस्थेच्या किंवा कार्यालयाच्या कामाची स्थिती कळवणारा ईमेल हा लेखनाचा असा प्रकार आहे की, त्यात भूत, वर्तमान आणि भविष्य हे तिन्ही काळ एकाच परिच्छेदात येणे स्वाभाविकच नव्हे, तर आवश्यक असते. काही कामे उरकलेली असतात, काही हातात असतात, काहींना अजून आरंभही झालेला नसतो आणि त्यांतील बहुतेकांना कसली ना कसली मुदत जोडलेली असते. शालेय निबंधलेखनात काळ सर्वत्र सारखा ठेवण्याचा जो नियम शिकवला जातो, तो कथनासाठी योग्य असला तरी अशा ईमेलला लावता येत नाही. कारण सर्व वाक्ये एका काळात आणून बसवली की वाचकाला नेमके जे जाणून घ्यायचे असते, म्हणजे काय झाले आणि काय राहिले, तेच पुसले जाते. म्हणून येथे ज्याला काळाचा गोंधळ म्हटले आहे, तो अनेक काळ एकत्र येण्याचा दोष नाही. क्रियापदाचे रूप एक स्थिती सुचवते आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्याच स्थितीत असते, किंवा एकाच रूपातून दोन स्थिती निघू शकतात, त्याला हा शब्द लावला आहे. प्रस्तुत पुस्तकाचा विषय मराठीत लिहिलेल्या ईमेलपुरता मर्यादित आहे, आणि या प्रस्तावनेत त्या गोंधळाची कारणे, तो ओळखण्याच्या खुणा आणि एका नमुन्यावर केलेली दुरुस्ती यांचा क्रमाने विचार केला आहे.

या विचाराला पारंपरिक मराठी व्याकरणातील एका भेदाचा मोठा आधार मिळतो. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने ज्या परंपरेला विस्तृत रूप दिले, त्या परंपरेत क्रियापदाच्या रूपांना आख्याते म्हणतात आणि त्यांची नावे प्रत्ययावरून पडलेली आहेत : ‘करतो’ हे ताख्यात, ‘केला’ हे लाख्यात, ‘करावा’ हे वाख्यात, ‘करील’ हे ईलाख्यात. रूपाला प्रत्ययाचे नाव आणि त्यातून निघणाऱ्या काळाला वेगळे नाव देण्याची सोय अशी की, एकच रूप निरनिराळ्या काळांचा बोध करते ही गोष्ट त्यामुळे नजरेआड होत नाही. ‘दर महिन्याला हिशेब पाठवतो’ या वाक्यातील ताख्यात रीत सांगते, ‘उद्या हिशेब पाठवतो’ यातील तेच ताख्यात भविष्यातील वचन देते. ‘पाठवला’ हे लाख्यात घडून गेलेली गोष्ट सांगते, पण बोलण्यातले ‘हा आलोच’ हे लाख्यात अजून न घडलेल्या येण्याचे आश्वासन असते. बोलताना आवाज, प्रसंग आणि समोरच्याचा परिचय यांवरून अर्थ निश्चित होतो. ईमेलमध्ये हे तिन्ही आधार नसतात, त्यामुळे तो सगळा भार रूपावर आणि तारखेवर पडतो.

दुसरी अडचण लिहिणाऱ्याचा ‘आज’ आणि वाचणाऱ्याचा ‘आज’ वेगळा असण्यातून उद्भवते. ती ईमेलबरोबर जन्मलेली नाही. लॅटिन पत्रलेखनात, विशेषतः सिसरोच्या पत्रांत, लिहिताना चालू असलेली गोष्टही कधी कधी भूतकाळात मांडलेली आढळते, कारण पत्र पोहोचेपर्यंत ती होऊन गेलेली असेल असे धरून लेखक वाचकाच्या क्षणावर उभा राहतो. मराठीत असा संकेत रूढ नाही. मराठी लेखक स्वतःच्या क्षणावर उभा राहून लिहितो आणि वाचकाने तारीख पाहून हिशेब करावा अशी अपेक्षा ठेवतो. ईमेल क्षणार्धात पोहोचत असल्यामुळे हे अंतर मिटले असे वाटते, परंतु प्रत्यक्षात तो दोन दिवसांनी वाचला जातो, तिसऱ्याला पुढे पाठवला जातो, आणि आठवड्यानंतर कोणीतरी त्यातला परिच्छेद उचलून नव्या ईमेलमध्ये चिकटवतो. सोमवारी खरे असलेले ‘उद्या होईल’ हे वाक्य शुक्रवारच्या ईमेलमध्ये तसेच राहते. काळाच्या गोंधळाची बहुसंख्य उदाहरणे व्याकरणाच्या अज्ञानातून न येता अशा जुन्या वाक्यांच्या पुनर्वापरातून, किंवा दोन-तीन बैठकांत तुकड्यातुकड्याने लिहिलेल्या मसुद्यातून येतात. म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी क्रियापदाला हात न लावता सर्व वाक्ये ज्या एका क्षणावरून पाहायची तो क्षण ठरवण्याची असते. या क्षणाला पुढे ‘स्थितिबिंदू’ म्हटले आहे; बहुधा तो ईमेल पाठवण्याचा दिवस असतो आणि तो ईमेलच्या पहिल्या ओळीत लिहिलेला असणे हिताचे असते.

स्थितिबिंदू ठरला की क्रियापदांची छाननी सुरू होते, आणि तेथे मराठीतील काही रूपे विशेष लक्ष मागतात. ‘अहवाल पाठवला’ हे घटना सांगते; ‘अहवाल पाठवला आहे’ हे त्या घटनेचा परिणाम स्थितिबिंदूपाशी टिकून असल्याचे सांगते, म्हणजे अहवाल आता समोरच्याकडे आहे असे सुचवते; ‘अहवाल पाठवला होता’ हे मात्र वाचकाच्या मनात लगेच ‘मग पुढे काय झाले’ हा प्रश्न उभा करते, कारण हे रूप त्यानंतर काहीतरी घडल्याची किंवा तो परिणाम टिकला नसल्याची चाहूल देते. पाठपुरावा करणाऱ्या ईमेलमध्ये ‘होता’ सहज लिहिला जातो आणि पुढचे वाक्य मात्र लिहायचे राहून जाते. ‘अहवाल पाठवायचा होता’ हे त्याहून संदिग्ध आहे : तो पाठवण्याचे ठरले होते एवढेच ते सांगते, पाठवला गेला की नाही हे सांगत नाही, आणि बहुतेक वाचक तो गेला नाही असेच धरून चालतात. ‘अहवाल मिळालेला असेल’ या रूपाचे तर दोन सरळ अर्थ होतात. एक, पुढच्या एखाद्या तारखेला तो हाती आलेला असेल, आणि दुसरा, तो आतापर्यंत मिळाला असावा असा लेखकाचा अंदाज आहे. पहिला अर्थ नियोजनाचा, दुसरा अज्ञानाचा; आणि वाक्यात तारीख नसेल तर दोन्हींत फरक करण्याचे साधन वाचकाजवळ नसते.

प्रशासकीय मराठीतील ‘-ण्यात येत आहे’ ही रचना स्वतंत्र विचार करण्याजोगी आहे. ‘सोबत ठरावाची प्रत पाठविण्यात येत आहे’ हे वाक्य आवरणपत्रात, म्हणजे कागदपत्रांबरोबर जाणाऱ्या पत्रात, निर्दोष असते, कारण ते पत्र जाणे आणि प्रत जाणे ही एकच क्रिया असते. तीच रचना स्थितिदर्शक ईमेलमध्ये आली की पाठवण्याचे काम संपले, अर्ध्यावर आहे की केवळ मनात आहे हे कळत नाही. शिवाय कर्ता गळून पडल्यामुळे ते कोणी करायचे हेही कळत नाही. ‘झालेच आहे, फक्त सही राहिली आहे’ हा बोलीतला प्रयोग याच जातीचा असून त्यातील पूर्वार्ध काम झाल्याचे सांगतो आणि उत्तरार्ध ते झाले नसल्याचे. अशा वाक्यात दुरुस्तीचा नियम असा की, उत्तरार्धातील उरलेली क्रिया हीच खरी स्थिती मानावी आणि पूर्वार्धातील झालेला भाग वेगळ्या वाक्यात, त्याला लागू असेल तेवढ्याच शब्दांत सांगावा.

मुदत सांगणाऱ्या शब्दयोगी अव्ययाचाही काळाशी निकटचा संबंध आहे. ‘३० तारखेपर्यंत हरकती स्वीकारल्या जातील’ या वाक्यात ‘पर्यंत’ हा चालू राहणाऱ्या क्रियेचा शेवट दाखवतो, तर ‘३० तारखेपर्यंत हरकती कळवाव्यात’ यात तो एकदाच घडायच्या क्रियेची शेवटची सीमा दाखवतो. पण ‘३० तारखेपर्यंत तपासणी होईल’ यात तपासणी ३० तारखेपर्यंत चालत राहील की त्याआधी आटोपेल हे ठरत नाही. ‘तपासणी ३० तारखेपर्यंत पूर्ण होईल’ किंवा ‘तपासणी ३० तारखेपर्यंत चालू राहील’ असे लिहिले की शंका उरत नाही. त्यातच ‘परवा’ हा शब्द मागेही जातो आणि पुढेही, आणि त्याची दिशा केवळ क्रियापद ठरवते. क्रियापदच संदिग्ध असेल तर दिशाही हरवते. म्हणून स्थितिदर्शक लेखनात ‘काल’, ‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या सोमवारी’ यांच्याऐवजी किंवा त्यांच्या जोडीला तारीख लिहिणे हा शैलीचा प्रश्न राहत नाही. काळाच्या दुरुस्तीचाच तो भाग होतो.

आणखी एक जागा दुसऱ्याचे म्हणणे सांगणाऱ्या वाक्यांची आहे. ‘ठेकेदाराने कळवले की काम सोमवारी सुरू होईल’ या रचनेत मराठी मूळ बोलणाऱ्याचा काळ तसाच राखते; इंग्रजीप्रमाणे आतल्या वाक्याचा काळ मागे सरकवत नाही. त्यामुळे ‘होईल’ हे भविष्य ईमेलच्या स्थितिबिंदूपासून मोजायचे नसून ठेकेदाराने ज्या दिवशी कळवले त्या दिवसापासून मोजायचे असते, आणि तो दिवस न लिहिल्यास कोणता सोमवार हे सांगता येत नाही. मधल्या काळात तो सोमवार होऊन गेला असेल, तर वाक्य व्याकरणाने शुद्ध राहूनही वाचकाला चुकीची माहिती देते. अशा ठिकाणी कळवल्याची तारीख, ठरलेली तारीख आणि आजची स्थिती या तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगणे हाच उपाय आहे.

हे विवेचन एका कल्पित पण नेहमीच्या नमुन्यावर पडताळून पाहता येते. एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाने सोमवार, १८ ऑगस्ट २०२५ रोजी समिती सदस्यांना पाठवायच्या ईमेलचा मसुदा केला, असे समजावे. वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, १४ सप्टेंबरला घ्यायची आहे. मसुदा असा :

‘लेखापरीक्षकांचा अहवाल परवा येणार होता, तो मिळाला असेल. ताळेबंद छापायला देतो. सभेची सूचना सर्व सदस्यांना पाठविण्यात येत आहे. सभागृहाचे आरक्षण झालेच आहे, फक्त अनामत भरायची आहे. सदस्यांनी १० तारखेपर्यंत प्रश्न पाठवले आहेत, उरलेल्यांचे येतील. टाकीच्या दुरुस्तीसाठी तीन दरपत्रके मागवली होती, समिती निर्णय घेत आहे.’

या मसुद्यातील एकही वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने अशुद्ध नाही, आणि तरीही तो वाचून समिती सदस्याला कोणतेही काम हातात घेता येत नाही. येथे संपादकाने, म्हणजे मसुदा तपासणाऱ्याने, क्रियापदे स्वतःच्या अंदाजाने बदलली तर मसुदा नीटनेटका दिसेल आणि अधिक धोकादायक होईल. कारण ‘मिळाला असेल’ याचे ‘मिळाला आहे’ केले की लेखकाचा अंदाज वस्तुस्थिती म्हणून नोंदला जातो. म्हणून प्रत्येक क्रियेसमोर चार प्रश्न लिहून ते लेखकाला विचारावे लागतात : ती क्रिया स्थितिबिंदूपाशी झाली आहे, चालू आहे, राहिली आहे की अजून ठरलेलीच नाही, झाली असेल तर कोणत्या दिवशी, राहिली असेल तर ती कोणी करायची, आणि कधीपर्यंत. चौथी स्थिती, म्हणजे न ठरलेली, ही बहुतेक ईमेलमध्ये भविष्यकाळाच्या आड लपलेली असते आणि ‘येतील’, ‘होईल’, ‘कळवू’ अशा रूपांतून राहिलेल्या कामासारखी दिसते.

समजा, सचिवाकडून पुढील उत्तरे मिळाली. अहवाल १६ ऑगस्टला खजिनदारांच्या हाती आला होता, पण सचिवाला ते मसुदा लिहिताना ठाऊक नव्हते. ताळेबंद छापखान्याकडे २० ऑगस्टला जायचा आहे, आणि २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी असल्यामुळे छापील प्रती २५ ऑगस्टलाच हव्यात. सभेच्या सूचनेचा मजकूर तयार आहे, पण तिच्यावर सही झालेली नाही आणि ती एकाही सदस्याला गेलेली नाही. सभागृह तोंडी राखून ठेवले असून अनामत भरल्याशिवाय आरक्षण पक्के होणार नाही. प्रश्न पाठवण्याची १० ऑगस्टची मुदत संपली असून सहा सदस्यांचे प्रश्न आले; ती वाढवावी असे काहींना वाटते, पण तसे ठरलेले नाही. तीन दरपत्रके १ ऑगस्टला मागवली, त्यांपैकी दोनच आली.

या उत्तरांतील सूचनेविषयीची माहिती सर्वांत महत्त्वाची ठरते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे सूचनेचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस मोजणीतून वगळावे लागतात. ३१ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर हे १४ दिवस होतात, त्यामुळे १४ सप्टेंबरच्या सभेसाठी सूचना उशिरात उशिरा ३० ऑगस्टला सर्वांना पोहोचती व्हायला हवी. ‘पाठविण्यात येत आहे’ हे वाचून समितीने सूचना गेली असे समजून स्वस्थ बसावे आणि ३० ऑगस्ट उलटून जावा, एवढ्याने सभेची वैधता वादात येऊ शकते. काळाच्या एका रूपातील संदिग्धतेचे परिणाम भाषेबाहेर कुठवर जातात, हे या एका वाक्यावरून दिसते.

कर्त्यांची आणि मुदतीची उरलेली उत्तरेही सचिवाकडूनच घेतल्यावर दुरुस्त मसुदा पुढीलप्रमाणे होतो :

‘ही स्थिती सोमवार, १८ ऑगस्ट २०२५ रोजीची आहे.

झालेली कामे : लेखापरीक्षण अहवाल १६ ऑगस्टला मिळाला असून तो खजिनदारांकडे आहे. सभेच्या सूचनेचा मजकूर तयार झाला आहे. १० ऑगस्टच्या मुदतीत सहा सदस्यांचे प्रश्न आले.

चालू कामे : टाकीच्या दुरुस्तीसाठी १ ऑगस्टला मागवलेल्या तीन दरपत्रकांपैकी दोन आली आहेत, तिसऱ्यासाठी सचिव पाठपुरावा करत आहेत.

राहिलेली कामे : खजिनदारांनी ताळेबंद २० ऑगस्टला छापखान्यात द्यावा, छापील प्रती २५ ऑगस्टपर्यंत हव्या आहेत. सभागृह तोंडी राखून ठेवले आहे. खजिनदारांनी २२ ऑगस्टपर्यंत अनामत भरल्यावर आरक्षण पक्के होईल. सूचनेवर सचिवाची सही व्हायची आहे. सचिव सूचना २६ ऑगस्टला सर्व सदस्यांना पाठवतील. तिची अखेरची तारीख ३० ऑगस्ट आहे.

न ठरलेले विषय : प्रश्नांची मुदत वाढवायची की नाही आणि दरपत्रकांपैकी कोणते स्वीकारायचे, हे २३ ऑगस्टच्या समिती सभेत ठरेल.’

या मसुद्यात भूत, वर्तमान आणि भविष्य तिन्ही आहेत, इतकेच नव्हे तर विध्यर्थी ‘द्यावा’ आणि ‘व्हायची आहे’ अशी रूपेही आहेत. तरीही गोंधळ नाही, कारण प्रत्येक रूप एकाच स्थितीसाठी योजले आहे. झालेल्या कामांना लाख्यात किंवा ‘आहे’ जोडलेले लाख्यात आणि त्यांतील बहुतेकांना तारीख; चालू कामाला ‘करत आहेत’; राहिलेल्या कामाला कर्ता आणि मुदत यांसह वाख्यात किंवा ईलाख्यात; आणि न ठरलेल्या विषयाला, तो जेथे ठरायचा आहे त्या सभेचा निर्देश. ‘पक्के होईल’ हे भविष्य अटीवर अवलंबून असल्यामुळे ती अट त्याच वाक्यात ठेवली आहे. ‘मागवलेल्या’ या विशेषणरूपाकडेही लक्ष द्यावे : पूर्ण झालेली क्रिया विशेषणात गेली की मुख्य क्रियापद आजची स्थिती सांगायला मोकळे राहते. मात्र हेच रूप दोषालाही वाट देते, कारण ‘तपासलेला ताळेबंद पाठवू’ अशा वाक्यात तपासणी झाल्याचा दावा वाचकाच्या नकळत मांडला जातो आणि तो खरा आहे का, हे विचारायचे राहून जाते.

ज्याच्याकडे असा मसुदा तपासायला येतो, त्याला गोंधळ ओळखण्यासाठी काही खुणा पुरेशा असतात. एकाच कामाचा उल्लेख ईमेलमध्ये दोन ठिकाणी दोन वेगळ्या काळांत असणे. मुदतीची तारीख स्थितिबिंदूच्या मागे गेलेली असूनही क्रियापद भविष्यात असणे. पूर्णतेचे क्रियापद असून तारीख नसणे. राहिलेल्या कामाच्या वाक्यात कर्ता नसणे. आणि ‘असेल’, ‘झालेच’, ‘होता’ ही रूपे पुढच्या स्पष्टीकरणाशिवाय येणे. या खुणा कानाने सापडत नाहीत, कारण बोलीत हे सर्व प्रयोग निर्दोष वाटतात. प्रत्येक क्रियापद वेगळे काढून त्यासमोर तारीख आणि माणूस लिहून पाहिल्यावरच त्या दिसतात.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. पहिली अशी की, संदिग्धता नेहमीच अनवधानाने येत नाही. ‘पाहतो’, ‘करून घेतो’, ‘कळवतो’ ही ताख्याते वरिष्ठांशी किंवा वडीलधाऱ्यांशी बोलताना नम्रतेने येतात, आणि कधी काम न झाल्याचे उघड सांगणे टाळण्यासाठीही येतात. अशा वेळी क्रियापद सुधारले तरी लेखकाजवळ तारीख नसते, आणि संपादकाने ती घालणे हे खोटे वचन देणे ठरते. तेथे ‘तारीख अजून ठरलेली नाही’ हेच शुद्ध वाक्य होय. दुसरी मर्यादा अशी की, स्थितिबिंदू एकदा लिहिला तरी त्याचे आयुष्य थोडेच असते; दुरुस्त केलेला ईमेलही पुढच्या आठवड्यात जुना होतो, आणि त्यातील वाक्ये उचलून नव्या ईमेलमध्ये ठेवताना प्रत्येक क्रियापद पुन्हा तपासावे लागते. तिसरी अशी की, झालेले, चाललेले, राहिलेले आणि न ठरलेले अशी मथळ्यांखालची मांडणी दोन-तीन कामांच्या लहान ईमेलला जड होते. तेथे मथळे न देता तोच क्रम वाक्यांतून राखला तरी पुरते.

पुढील प्रकरणांत वरील प्रत्येक रूपाचा स्वतंत्र विचार केला आहे, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दुरुस्तीसाठी मसुदे दिले आहेत. त्या मसुद्यांबरोबर वस्तुस्थितीची उत्तरे जाणूनबुजून वेगळ्या पानांवर छापली आहेत, कारण उत्तरे पाहण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारायला हवेत हे वाचकाने स्वतः ठरवावे, अशी त्या अभ्यासाची योजना आहे. प्रश्न न विचारता केवळ प्रत्यय बदलून जो मसुदा सुधारता येईल असे वाटते, तो बहुधा अजून वाचायचाच राहिलेला असतो.